धानाचा विमा : हप्ता कसा ठरतो आणि भरपाईपूर्वी पैसा कोठे असतो

गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही गावी पीक विम्याची सभा भरली की एक प्रश्न हटकून विचारला जातो. "आम्ही इतकी वर्षे हप्ता भरला. धान पिकले, म्हणून भरपाई मिळाली नाही. मग आमचा पैसा गेला कोठे? कंपनीने तो व्याजी लावून खाल्ला काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला 'विमा म्हणजे सुरक्षा' एवढेच उत्तर देऊन चालत नाही; कारण विचारणाऱ्याने पैसे मोजलेले असतात आणि त्याला हिशेब हवा असतो. हा हिशेब कार्यकर्त्यास समजावून देता यावा, म्हणून धानाच्या विम्याचा दर कसा बांधतात, जमा झालेला पैसा भरपाईपर्यंत कोठे राहतो व त्यापासून कंपनीस किती प्राप्ती होते, हे प्रस्तुत पाठात एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

विमा एका शेताचा नव्हे, मंडळाचा

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्यात धानाचे नुकसान मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून मोजतात. मंडळातील सर्व विमाधारकांस दर हेक्टरी एकाच प्रमाणात भरपाई मिळते, अथवा कोणासच मिळत नाही. ही पद्धत पुष्कळांस अन्यायाची वाटते. म्हणून तिचे कारण प्रथम समजून घेतले पाहिजे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1976 साली क्षेत्रावर आधारलेल्या पीक विम्याचा आग्रहाने पुरस्कार केला, आणि 1979 साली त्याच तत्त्वावर देशात प्रायोगिक योजना सुरू झाली. यामागील विचार सरळ आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा विमा वेगळा उतरवावयाचा म्हटले, तर प्रत्येक बांधीचे मागील अनेक वर्षांचे उत्पादन माहीत असावे लागते, आणि तसे दप्तर कोणाकडेच नसते. शिवाय ज्याच्या बांधीत दरवर्षी पाणी साचते तो विमा घेण्यास पुढे येतो, आणि ज्याची बांधी तलावाच्या पाण्यावर बिनघोर पिकते तो मागे राहतो. असे झाले म्हणजे कंपनीकडे केवळ पडती शेतेच जमा होतात व दर वाढतच जातो. मंडळाची सरासरी मात्र कोणाही एकाच्या हातात नसते. एखाद्याने मुद्दाम निंदण केले नाही, तरी त्यामुळे मंडळाचे उत्पादन घटत नाही आणि त्यास भरपाईही मिळत नाही.

विमा घेण्यास खरिपात साधारणतः जुलैअखेरची मुदत असते, तिचेही कारण हेच. रोवणी झाल्यावर पाऊस दडी मारतो की काय हे पाहून मग विमा घेण्याची मुभा ठेवली, तर ज्या वर्षी पीक जाणार त्याच वर्षी लोक विमा घेतील. ज्याचे नुकसान ठरून गेले आहे, त्याचा विमा कोणत्याही दराने उतरविता येत नाही.

दर बांधण्याची रीत

आता एका मंडळाचे उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. रीत मात्र खरी आहे. समजा, या मंडळातील धानाचे मागील सात वर्षांचे सरासरी उत्पादन दर हेक्टरी किलोग्रॅममध्ये असे आहे :

पहिले वर्ष 2,600
दुसरे वर्ष 2,400
तिसरे वर्ष 1,225
चौथे वर्ष 2,300
पाचवे वर्ष 2,700
सहावे वर्ष 1,540
सातवे वर्ष 2,500

प्रथम सातांपैकी चांगली पाच वर्षे निवडतात. तिसरे व सहावे वर्ष वगळल्यास उरलेल्या पाचांची बेरीज 12,500 व सरासरी 2,500 येते. महाराष्ट्रात जोखीमस्तर 70 टक्के धरतात. 2,500 चे 70 टक्के म्हणजे 1,750. यास उंबरठा उत्पादन म्हणतात. चालू हंगामात मंडळाचे उत्पादन 1,750 किलोग्रॅमच्या खाली गेले, तरच भरपाई लागू होते. उत्पादन 2,500 वरून 1,800 वर आले, तर शेतकऱ्याचे नुकसान मोठे होते. परंतु विमा लागू होत नाही. नेहमीच्या उत्पादनातील पहिली 30 टक्के घट शेतकऱ्याने स्वतः सोसावयाची, असा या कराराचा अर्थ आहे. ही गोष्ट सभेत प्रारंभीच स्पष्ट सांगावी.

भरपाईचे सूत्र सोपे आहे. उंबरठ्यापेक्षा जितके टक्के उत्पादन कमी, तितके टक्के विमा संरक्षित रकमेतून द्यावयाचे. संरक्षित रक्कम हेक्टरी 60,000 रुपये समजू. आता कंपनीचा दर बांधणारा हिशेबनीस मागील सात वर्षांकडे वळून विचारतो : 'आजचा करार त्या वर्षी असता, तर काय द्यावे लागले असते?' तिसऱ्या वर्षी उत्पादन 1,225 होते. ते 1,750 पेक्षा 525 ने, म्हणजे 30 टक्क्यांनी कमी. भरपाई 18,000 रुपये. सहाव्या वर्षी 1,540, म्हणजे 210 ने किंवा 12 टक्क्यांनी कमी. भरपाई 7,200 रुपये. उरलेल्या पाच वर्षी काही नाही. एकूण भरपाई 25,200 रुपये. सात वर्षांवर वाटली असता दर वर्षी 3,600 रुपये. हे 60,000 चे 6 टक्के होतात. यास जोखमीचा निव्वळ दर म्हणावा.

परंतु 6 टक्के दराने विमा विकणारी कंपनी टिकणार नाही. सात वर्षांचे दप्तर तोकडे असते. त्यात एकही महापूर नसेल, तुडतुड्यांनी उभे धान करपून गेलेले एकही साल नसेल, तरी ते पुढे येणारच नाही असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणून अनिश्चिततेपोटी काही भर घालावी लागते. मोठ्या संकटाचा काही भाग कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीवर टाकते, त्यास पुनर्विमा म्हणतात. त्याचा खर्च येतो. कचेरी, नोकरवर्ग व पंचनामे यांचा खर्च असतो, आणि थोडा नफाही धरलेला असतो. हे सर्व मिळून 3 टक्के समजू. मग दर 9 टक्के, म्हणजे हेक्टरी 5,400 रुपये होतो. प्रत्यक्षात कंपनी हाच हिशेब जिल्ह्यातील प्रत्येक मंडळाचा करते, सर्वांचा मेळ घालून त्या पिकाचा एक दर काढते, आणि तो दर शासनाच्या निविदेत भरते. इटियाडोहच्या कालव्याखालील मंडळ व केवळ पावसाच्या भरवशावरील मंडळ यांचा दर त्यामुळे सारखा असू शकतो. उंबरठा मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो.

हप्ता कोण भरतो

या 5,400 रुपयांपैकी खरिपाच्या धानासाठी शेतकऱ्याने संरक्षित रकमेच्या 2 टक्के, म्हणजे 1,200 रुपये भरावयाचे असतात. उरलेले 4,200 रुपये केंद्र व राज्य शासन सामान्यतः निम्मे निम्मे देतात. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याकडून केवळ 1 रुपया घेऊन त्याचा वाटाही राज्याने भरला होता. ती सवलत 2025 च्या खरिपापासून बंद झाली व पुन्हा 2 टक्के हिस्सा लागू झाला. त्याच खरिपात राज्याने स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान इत्यादी जादा बाबी वगळून भरपाई मंडळाच्या उत्पादनावर ठेवली. अशा तरतुदी हंगामागणिक बदलू शकतात. यास्तव कार्यकर्त्याने प्रत्येक हंगामाची अधिसूचना वाचूनच लोकांस सांगावे.

आपल्या उदाहरणातील शेतकरी सात वर्षांत हेक्टरी 8,400 रुपये भरतो आणि त्यास 25,200 रुपये मिळतात. चांगल्या पाच वर्षांचा हप्ता 'वाया' जात नाही. तिसऱ्या वर्षीचे 18,000 रुपये एकट्या तिसऱ्या वर्षाच्या हप्त्यातून येणे शक्यच नव्हते.

भरपाईपूर्वी पैसा कोठे असतो

विम्याच्या धंद्यात माल नंतर व पैसा आधी असतो. 1938 च्या विमा अधिनियमाच्या कलम 64 व्हीबी प्रमाणे हप्ता हाती आल्याशिवाय किंवा त्याची विहित हमी मिळाल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम पत्करावयाची नसते. हप्ता आज येतो व भरपाई पुढे कधीतरी द्यावी लागते. या मधल्या काळात जी रक्कम कंपनीच्या हाती राहते, तिला त्या धंद्यात फ्लोट म्हणतात. ती कंपनीच्या मालकीची मिळकत नव्हे. तिच्यावर भावी भरपाईचा बोजा असतो. पण तिच्यावरील व्याज कंपनीचे असते.

ही रक्कम मनास येईल तेथे गुंतविता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार तिचा ठराविक भाग केंद्र व राज्य सरकारांच्या रोख्यांत ठेवावा लागतो. शिवाय देण्यांच्या मानाने कंपनीकडे जी किमान शिल्लक मालमत्ता असावी असे नियम सांगतात, तिच्या दीडपट मालमत्ता राखावी लागते. जी भरपाई सहा महिन्यांनी द्यावी लागण्याचा संभव आहे, तिचा पैसा शहाणी कंपनी अल्प मुदतीच्या रोख्यांत किंवा बँकेच्या ठेवीत ठेवते; कारण मळणी झाल्यावर आकडे आले आणि पैसा मात्र शेअर बाजारात अडकला, असे होऊन चालत नाही.

फ्लोटचे महत्त्व मुदतीवर अवलंबून असते. 1913 साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली. आयुर्विम्यात आज घेतलेला हप्ता वीस-तीस वर्षे कंपनीजवळ राहू शकतो, आणि म्हणून गुंतवणुकीचे व्याज हा त्या धंद्याचा कणाच असतो. 1956 साली खासगी आयुर्विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्यामागे या दीर्घ मुदतीच्या पैशाचा राष्ट्राच्या योजनांसाठी उपयोग व्हावा हाही एक हेतू होता. ट्रॅक्टरच्या अपघातात तिऱ्हाइतास इजा झाली, तर त्याचा दावा न्यायाधिकरणापुढे कित्येक वर्षे चालतो. तेथेही पैसा दीर्घकाळ राहतो, आणि हप्त्यापेक्षा खर्च व भरपाई थोडी अधिक झाली, तरी व्याजाने ती तूट भरून निघू शकते.

धानाचे तसे नाही. आपल्या मंडळात 5,000 हेक्टरांचा विमा उतरविला असे समजा. एकूण हप्ता 2 कोटी 70 लाख रुपये. तो सर्व ऑगस्टच्या आरंभी आला, भरपाई जानेवारीअखेर दिली, आणि मधल्या सहा महिन्यांत वार्षिक 7 टक्क्यांनी व्याज मिळाले, तर व्याज 9 लाख 45 हजार रुपये होते. हेक्टरी हे 189 रुपये झाले. आणि तेवढेही बहुधा मिळत नाहीत. कारण शासनाचा वाटा एकदम न येता टप्प्याटप्प्याने येतो. केवळ शेतकऱ्यांचेच 60 लाख रुपये सहा महिने हाती राहिले, तर व्याज 2 लाख 10 हजार, म्हणजे हेक्टरी 42 रुपये. तिसऱ्या वर्षासारखे वर्ष आले, तर याच मंडळात 9 कोटी रुपये द्यावे लागतात. तेथे 9 लाखांच्या व्याजाचा काय आधार?

यावरून प्रारंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पीक विमा कंपनी व्याजावर श्रीमंत होत नाही. तिला नफा झाला, तर तो चांगल्या वर्षी न लागलेल्या भरपाईतून होतो, आणि तोटा झाला, तर तो दर चुकल्यामुळे होतो. भरपाई अडकवून व्याज खाण्यातही फायदा राहू नये, म्हणून विहित मुदतीनंतर दिलेल्या भरपाईवर वार्षिक 12 टक्के व्याज देण्याची योजनेत तरतूद आहे. 7 टक्के मिळवून 12 टक्के देणे कोणासही परवडणार नाही. भरपाईस उशीर झाला, तर मंडळाच्या उत्पादनाचे आकडे कंपनीस केव्हा मिळाले व शासनाचा वाटा केव्हा जमा झाला, या दोन तारखा प्रथम विचाराव्यात. विलंब कोणाकडे झाला, ते त्यावरून कळते.

दर चुकला म्हणजे काय होते

निविदा जिंकण्यासाठी एखाद्या कंपनीने 9 ऐवजी 5 टक्के दर भरला असे समजा. हेक्टरी हप्ता 3,000 रुपये, म्हणजे सात वर्षांत 21,000. भरपाई मात्र 25,200. खर्च न धरताच 4,200 रुपयांची तूट आली. त्यावर सहा महिन्यांचे व्याज दरवर्षी 105 रुपये, सात वर्षांत 735. तूट भरून निघत नाही. अशी कंपनी पहिल्या दोन चांगल्या वर्षी आनंदात असते. तिसऱ्या वर्षी ती आकड्यांवर हरकती घेऊ लागते किंवा पुढील निविदेस येतच नाही.

2020 च्या खरिपात बीड जिल्ह्यासाठी खासगी कंपन्या पुढे आल्या नाहीत. तेव्हा केंद्र शासनाच्या पुढाकाराने 2002 साली स्थापन झालेल्या भारतीय कृषी विमा कंपनीने निराळ्या अटीवर ते काम घेतले, आणि ती रीत 'बीड पॅटर्न' म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे 2022 च्या खरिपापासून ती राज्यभर लागू झाली. हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीने द्यावयाची; त्यावरील राज्य शासनाने. उलट भरपाई 80 टक्क्यांहून कमी लागली, तर कंपनीने हप्त्याच्या 20 टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली शिल्लक राज्यास परत द्यावयाची. आपल्या मंडळाचा हप्ता 2 कोटी 70 लाख आहे. वाईट वर्षीच्या 9 कोटींपैकी कंपनी 2 कोटी 97 लाख देईल व राज्य 6 कोटी 3 लाख. भरपाई काहीच न लागणाऱ्या वर्षी कंपनीकडे 54 लाख राहतील व 2 कोटी 16 लाख राज्याकडे परत जातील. 'आमचा पैसा गेला कोठे' या प्रश्नाचे हे उरलेले अर्धे उत्तर होय.

साडेतीनशे ग्रॅमची गोष्ट

दर व भरपाई या दोन्ही गोष्टी एकाच दप्तरावर उभ्या आहेत, आणि ते म्हणजे पीक कापणी प्रयोगांचे दप्तर. महसूल मंडळात किमान 10 प्रयोग घ्यावे लागतात. भाताच्या बाबतीत 2023 पासून उपग्रहावरून काढलेल्या अंदाजासही काही भार दिला जातो, तरीही बांधीतील तराजूचे महत्त्व कमी झालेले नाही.

प्रयोगाचा तुकडा 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद आहे असे समजा. हा हेक्टरचा दोनशेवा भाग झाला. मंडळाचे खरे उत्पादन हेक्टरी 1,680 किलोग्रॅम असेल, तर अशा तुकड्यातून सरासरी 8 किलो 400 ग्रॅम धान निघेल. 1,750 चा उंबरठा म्हणजे 8 किलो 750 ग्रॅम. अंतर केवळ 350 ग्रॅमचे. धान ओले असताना तोलले आणि सुकविल्यानंतरचे वजन नोंदविले नाही, तर एवढे वजन पाण्याचेच भरू शकते. तशी चूक सर्व प्रयोगांत झाली, तर उत्पादन 1,750 दिसेल व भरपाई शून्य होईल. खरी भरपाई 4 टक्के, म्हणजे हेक्टरी 2,400 रुपये होती. 5,000 हेक्टरांवर 1 कोटी 20 लाख रुपये.

याउलट गावाचे भले व्हावे म्हणून उत्पादन कमी नोंदविणे हेही हिताचे नाही. सातांपैकी दोन पडती वर्षे सरासरीतून वगळली जातात. तिसरे पडते वर्ष मात्र सरासरीत शिरते व उंबरठा खाली ओढते. आपल्या मंडळात 2,300 च्या जागी खोटे 1,500 लिहिले गेले, तर पाच वर्षांची बेरीज 11,740, सरासरी 2,348 व उंबरठा सुमारे 1,644 होतो. यात सहाव्या वर्षाचे 1,540 हे सरासरीत आले, कारण आता तेच पाचवे चांगले वर्ष ठरते. मग ज्या वर्षी खरोखर 1,680 पिकेल, त्या वर्षी हक्काची 4 टक्के भरपाई गेली. शिवाय दर बांधणाऱ्याच्या दप्तरात एक वाईट वर्ष वाढते, ते निराळेच.

म्हणून कार्यकर्त्याने तीन गोष्टींवर डोळा ठेवावा. बांधी यादृच्छिक क्रमांकाने ठरलेलीच असावी. रस्त्याकडेची किंवा चांगली दिसणारी निवडू नये. त्या बांधीचा मालक प्रयोगाची तारीख कळण्यापूर्वी कापणी करून पुंजणे घालून बसू नये, म्हणून त्यास आधी निरोप द्यावा. आणि तोलाच्या वेळी शेतकरी व ग्राम समितीच्या सदस्यांनी हजर राहून ओले व सुके अशी दोन्ही वजने पाहावीत, नोंद वाचून मगच सही करावी.

मंडळाची सरासरी चांगली असताना एकाच्या बांधीतील धान तुडतुड्यांनी गेले, तर या करारात त्यास काही मिळत नाही, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. ती झाकून ठेवू नये. ज्याची बांधी मंडळाहून वेगळी वागते, त्याने या विम्यावर सर्वस्वी विसंबून राहू नये. ज्याची बांधी मंडळाबरोबर पिकते व मंडळाबरोबर बुडते, त्याच्यासाठी हेक्टरी 1,200 रुपयांचा हा सौदा वरील हिशेबाने फायद्याचा ठरतो.

स्वाध्याय

आपल्या मंडळाचे मागील सात वर्षांचे धानाचे उत्पादन तालुका कृषी कार्यालयातून मिळवावे. चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिचे 70 टक्के करावेत. सातांपैकी किती वर्षी उत्पादन त्याखाली गेले व किती टक्क्यांनी, ते मांडावे. आलेल्या टक्क्यांची बेरीज करून तिला सातांनी भागावे. हा आकडा 2 पेक्षा मोठा आला, तर मागील अनुभवावरून शेतकऱ्याचा हिस्सा भरपाईपेक्षा कमी ठरतो. लहान आला, तर तसेही सांगावे. हा कागद घेऊनच जुलैच्या सभेस जावे.